घरातल्या घरात प्रश्नोत्तरे: वही बंद होण्याआधी

*मुलगी चार वर्षांची झाल्यावर माझी पत्नी पुन्हा अभ्यासाला बसली आहे. ती लोकसेवा आयोगाची गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा देणार आहे. मी स्वतः २००८ ते २०१० या काळात स्पर्धा परीक्षा दिल्या, एकदा पूर्व निघाली, पुढे जमले नाही. म्हणून रोज रात्री दहानंतर माझ्या जुन्या वहीतून मी तिचा अभ्यास घेतो. सकाळी वाचलेले तिला रात्री आठवत नाही, मग माझा आवाज चढतो. परवा विचारले, ‘पंचायतीत महिलांना आरक्षण किती?’ ती म्हणाली, ‘निम्मे, पक्के.’ मी चूक दिली, एक तृतीयांश सांगितले. तिने वही बंद केली आणि आता ती माझ्यासमोर पुस्तकच उघडत नाही. तिचे नुकसान न करता, भांडण न होता तिला प्रश्न कसे विचारू?*

*– एक वाचक, नाशिक*

त्या रात्रीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्नीचे उत्तर बरोबर होते. संविधानाचा अनुच्छेद २४३ डी पंचायतींमधील किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवायला सांगतो. महाराष्ट्राने २०११ मध्ये आपल्या कायद्यांत दुरुस्ती करून हे प्रमाण निम्म्यावर नेले. तुमची वही त्याआधीची आहे, म्हणून तिच्यात एकच आकडा आहे आणि तुमच्या अभ्यासाच्या काळात तो दोन्ही अर्थांनी बरोबरही होता. आज मात्र ‘संविधानानुसार’ किंवा ‘महाराष्ट्रात’ यांपैकी एक शब्द जोडल्याशिवाय त्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आयोगाच्या प्रश्नपत्रिकेत असा शब्द नसता तर उमेदवारांनी हरकती घेतल्या असत्या. तुमच्या घरात हरकत घेण्याची सोय नव्हती, आणि म्हणून वही बंद झाली.

हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या एका क्षणात दोन वेगळी नुकसाने झाली, ती वेगवेगळी पाहिली तर पुढचा मार्ग दिसतो. पहिले नुकसान उघड आहे: तिला अपमान वाटला. दुसरे अधिक खोल आहे. बरोबर असलेल्या आणि पक्क्या असलेल्या एका उत्तरावर ज्याचा अनुभव ती मानते त्याने ‘चूक’ असा शिक्का मारला. परीक्षेच्या सभागृहात हाच विषय समोर आला तर आता तिच्या मनात दोन आकडे भांडतील. उमेदवाराचा आत्मविश्वास खचतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा एवढेच घडलेले असते: माहीत असलेल्या गोष्टीवरचा तिचा भरवसा उडालेला असतो.

म्हणून पहिली सूचना साधी आहे. तुमची जुनी वही बाजूला ठेवा. त्या वहीत तुमची दोन वर्षे आहेत, ती कपाटात जपून ठेवा, पण प्रश्न तिच्यातून काढू नका. प्रश्न दोनच ठिकाणांहून यावेत. एक म्हणजे ती सध्या वाचत असलेल्या पुस्तकाची तिने स्वतः खुणा केलेली पाने, आणि दुसरे म्हणजे आयोगाच्या मागील प्रश्नपत्रिका, त्यांच्या अंतिम उत्तरतालिकेसह. प्रश्न विचारताना पुस्तकाचे पान उघडे असू द्या, आणि उत्तर जुळले नाही तर तुमच्या आठवणीवरून निकाल देऊ नका, पान दोघांनी मिळून वाचा. हे वाटते तितके किरकोळ नाही. राज्य निवडणूक आयोगाचा अनुच्छेद तिने ‘२४३ के’ असा पाठ केला असेल आणि तुम्ही संविधानाच्या मराठी प्रतीतून विचारत असाल, तर तिथे तोच अनुच्छेद ‘२४३ ट’ असा छापलेला सापडेल. उत्तर एकच असते, अक्षर तेवढे वेगळे असते, आणि रात्री साडेदहाला दमलेल्या दोन माणसांत भांडण लागायला तेवढेही पुरते.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ज्याच्या मागे मला एक गृहीतक दिसते: ‘सकाळी वाचलेले तिला रात्री आठवत नाही.’ तुम्ही त्याचा अर्थ असा लावता की तिने लक्ष देऊन वाचले नाही. मला तसे वाटत नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांनी एक छोटा उतारा वाचला आणि तो पुन्हा वाचला. इतरांनी तोच उतारा एकदा वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना सरासरी ४२ टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. त्याच संशोधनात हेही दिसले की पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला सगळे लक्षात राहील याची अधिक खात्री वाटत होती.

तुमच्या घराला यातून दोन गोष्टी मिळतात. तुमचे प्रश्न विचारणे हे मुळात योग्यच आहे, आणि ते सोडून देऊ नये एवढे मोलाचे आहे. पण ते मोलाचे का आहे? मनाच्या तळाशी गेलेली गोष्ट वर काढायला जी खटपट करावी लागते, तिनेच ती पक्की होते. म्हणजे तुमच्या पत्नीचा अडखळण्याचा तो क्षण, ज्यावेळी तुमचा आवाज चढतो, तोच खरा अभ्यास आहे. तिथे तुम्ही ‘अगं, सकाळीच तर वाचलंस ना’ म्हटलेत, किंवा घाईने उत्तर सांगून टाकलेत, की ती खटपट अर्धवट राहते आणि त्या रात्रीच्या बैठकीतून मिळायचे ते निसटते.

थांबणे ही यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणे ध्वनिमुद्रित करून पाहिली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. घरी तर आपण बहुधा त्याहूनही अधीर असतो. तेव्हा प्रश्न वाचून झाल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता पुस्तकाकडे पाहा. पूर्व परीक्षेत १०० प्रश्नांना एक तास असतो, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. हा वेग तिला हवाच आहे, पण तो पूर्ण सराव प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवताना येतो. तोंडी प्रश्नांच्या वेळी घड्याळ समोर ठेवू नका.

इथे एका शब्दाबद्दल बोलायला हवे. ‘अभ्यास घेणे’ हा प्रयोग आपल्याकडे मोठ्यांनी लहानांसाठी वापरायचा आहे. आई मुलाचा अभ्यास घेते, मास्तर पाढे म्हणवून घेतात. तीस-पस्तीस वर्षांच्या स्त्रीचा, जिने दिवसभर घर सांभाळले आहे, नवऱ्याने ‘अभ्यास घ्यावा’ असे म्हटले की दोघांच्याही नकळत जागा ठरून जातात: एक तपासणारा, एक तपासली जाणारी. तुमच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. तुम्ही ज्या वाटेवर मध्येच थांबलात त्याच वाटेवर ती निघाली आहे. तिच्या चुकीवर तुमचा आवाज चढतो तेव्हा त्यातला काही राग २०१० सालच्या त्या निकालावरचा तर नाही ना, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारून पाहा. उत्तर ‘हो’ आले तर ते तिला सांगा. एवढे एक वाक्य तिच्या मनावरचा फार मोठा भार उतरवू शकते, कारण आजवर ती तो सगळा राग स्वतःच्या खात्यात जमा करत आली असेल.

मी माझ्या धाकट्या भावाला बँकेच्या परीक्षेसाठी प्रश्न विचारत असे. त्याचे दहावे उत्तर चुकले की मी नववे आणि आठवे उत्तरही त्याला ऐकवत असे. काही आठवड्यांनी तो पुस्तके घेऊन गच्चीवर जाऊ लागला आणि मी त्याला आळशी ठरवले. तो आळशी नव्हता, तो माझ्यापासून दूर बसत होता. हे मला फार उशिरा कळले, म्हणून तुमच्या पत्रातले ‘आता ती माझ्यासमोर पुस्तकच उघडत नाही’ हे वाक्य मला इतके गंभीर वाटले.

मग प्रश्न विचारणाऱ्याचे काम तरी काय? माझ्या मते तुम्ही तिच्यासाठी अशी एक गोष्ट करू शकता जी तिला एकटीला नीट करता येत नाही, आणि ती म्हणजे तिच्या खात्रीची नोंद. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यामुळे उमेदवाराला उत्तर येते की नाही याइतकेच, आपल्याला ते किती येते याचा अंदाज बरोबर असणे महत्त्वाचे ठरते. एका कागदावर तीन रकाने आखा: ‘पक्के’, ‘दोनांत अडकले’ आणि ‘माहीत नाही’. प्रत्येक प्रश्नाला तिने उत्तर देण्याबरोबर रकानाही सांगायचा. तुम्ही फक्त बरोबर-चूक अशी खूण त्या रकान्यात करायची. त्यावर काही बोलायचे नाही.

दोन आठवड्यांनी त्या कागदावर ‘दोनांत अडकले’ या रकान्यात, समजा, २० प्रश्न जमले. त्यांतले १० बरोबर असतील तर हिशेब असा होतो: १० गुण मिळाले, १० चुकांचे अडीच गेले, साडेसात हाती राहिले. म्हणजे अशा प्रश्नांना परीक्षेत हात घालणे तिच्या फायद्याचे आहे, आणि भीतीने ते सोडले तर ती साडेसात गुण टाकून येईल. आता समजा २० पैकी ४ च बरोबर आहेत. ४ मिळाले, १६ चुकांचे ४ गेले, हाती शून्य. चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तरी सरासरी ५ बरोबर येतात, म्हणजे या विषयात तिचा संशय तिला नेमका चुकीच्या पर्यायाकडे ओढतो आहे. अशा ठिकाणी त्या प्रकरणात दोन जवळच्या गोष्टींची सरमिसळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती शोधून काढता येते. पाचात एक ही सीमारेषा लक्षात ठेवा. त्याच्या वर प्रयत्न करावा, त्याच्या खाली विषय पुन्हा वाचावा. मात्र हा निष्कर्ष दहा-पंधरा प्रश्नांवरून काढू नका, कारण एवढ्या थोड्या नोंदीत नशिबाचा वाटाच मोठा असतो.

या कागदाचा एक परिणाम गुणांच्या पलीकडचा आहे. चुकीचे उत्तर ही आता तिची फजिती राहत नाही, ती एक नोंद होते, आणि ती दोघांच्याही उपयोगाची असते. घरी चुकलेल्या प्रश्नाला काहीच कापले जात नाही, म्हणून शक्य तितक्या चुका घरीच झालेल्या बऱ्या. हे तुम्हाला मनापासून पटले तर आवाज चढण्याचे कारणच उरत नाही.

एक बैठक प्रत्यक्षात कशी चालावी ते पंचायत राज याच प्रकरणावर पाहू. प्रश्न बारा, वेळ वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. प्रकरण तिने निवडलेले, आणि शक्यतो एक-दोन दिवसांपूर्वी वाचलेले.

तुम्ही विचारता, ‘७३ वी घटनादुरुस्ती कधीपासून लागू झाली?’ ती म्हणते, ‘१ जून १९९३. पक्के.’ बरोबर तारीख २४ एप्रिल १९९३ आहे. इथे ‘चूक’ म्हणण्याआधी एक क्षण त्या उत्तराकडे पाहा. १ जून १९९३ ही तारीख तिने हवेतून आणलेली नाही. नगरपालिकांविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. म्हणजे तिला दोन्ही तारखा माहीत आहेत, त्यांची फक्त अदलाबदल झाली आहे. तेव्हा तुम्ही म्हणावे, ‘१ जून ही तारीख याच विषयातली आहे. ती कोणाची?’ तिला बहुधा लगेच आठवेल, आणि २४ एप्रिलही मागोमाग येईल. आठवले नाही तर अजून आडवळणाची सूचना देऊ नका. एका सूचनेनंतर सरळ उत्तर सांगा आणि पान दाखवा. सूचनेवर सूचना देत राहिले की प्रश्न विचारणाऱ्याला मदत केल्यासारखे वाटते, पण उत्तर देणाऱ्याला कोंडीत पकडल्यासारखे होते.

ही चूक ‘पक्के’ या रकान्यातली आहे, म्हणून तिचे मोल अधिक. खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर लगेच दुरुस्त केले तर ती दुरुस्ती अनेकदा संशयाने दिलेल्या उत्तराच्या दुरुस्तीपेक्षा चांगली लक्षात राहते, असे स्मरणावरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणूस तिथे चकित होतो आणि त्याचे लक्ष एकवटते. ते चकित होणे तसेच राहू द्या, त्यावर ‘आणि म्हणे पक्के!’ अशी पुस्ती जोडू नका. तसे एकदा ऐकले की ती पुन्हा कधीही ‘पक्के’ म्हणणार नाही, सगळी उत्तरे मधल्या रकान्यात टाकील, आणि तुमचा कागद निरुपयोगी होईल. सगळ्या नोंदी अचानक मधल्या रकान्यात जमू लागल्या तर तुमच्या बोलण्यातून काहीतरी लागले आहे असे समजा.

चार-पाच प्रश्न पुढे गेल्यावर तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारा: ‘२४ एप्रिल हा दिवस कशासाठी महत्त्वाचा?’ मग दोन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा. तिन्ही वेळा सहज आले की तो प्रश्न बाजूला काढा. येणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून वीस मिनिटे भरून काढू नका, पण बैठकीचे पहिले दोन प्रश्न आणि शेवटचा एक प्रश्न मात्र तिला येणारे असावेत. शेवटच्या प्रश्नाची चव रात्रभर राहते.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या घडणीची. आयोग ‘खालील विधाने विचारात घ्या’ असे म्हणून दोन-तीन विधाने देतो आणि योग्य किंवा अयोग्य विधान ओळखायला सांगतो. घरी एका शब्दाचे उत्तर येणारे प्रश्नच विचारले तर तिला सगळे येते असे वाटेल आणि परीक्षेत ती अडखळेल. म्हणून बारांपैकी चार प्रश्न विधानांचे ठेवा. उदाहरणार्थ: ‘अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी १८ विषय आहेत. बरोबर की चूक, आणि चूक असेल तर दुरुस्त कर.’ अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, १८ विषय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी आहेत. विधानात एकच शब्द किंवा एकच आकडा बदला, आणि तो परीक्षेत बदलला जाईल असाच बदला. त्रिस्तरीय पंचायत राज महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून सुरू झाले, हे विचारण्यासारखे आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालाची पाने किती होती, हे विचारण्यासारखे नाही. स्वतःचे ज्ञान दाखवणारे प्रश्न आणि उमेदवाराच्या कामाचे प्रश्न यांतला फरक विचारणाऱ्यालाही जाणवत असतो, तो त्याने पाळावा.

अंकगणित आणि बुद्धिमापन तोंडी विचारू नका. तिथे कागदावर पायऱ्या मांडाव्या लागतात, आणि कोणी समोर बसून पाहत असेल तर हात थबकतो. तिने सोडवून झाल्यावर, तिने बोलावले तर, चुकलेली पायरी दोघांनी मिळून शोधावी.

वेळेबद्दलही तुम्ही पुन्हा विचार करावा असे मला वाटते. रात्री दहानंतर मुलगी झोपलेली असते हे खरे, पण तोवर तुम्ही दोघेही दमलेले असता, आणि तिचा दिवस तर तुमच्याआधी सुरू झालेला असतो. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी जेवणाआधी किंवा सकाळी चहाबरोबर वीस मिनिटे, हे रोज रात्रीच्या तासापेक्षा अधिक फळ देईल. बैठक संपवण्याचा अधिकार दोघांनाही असावा आणि ‘आज पुरे’ म्हटल्यावर कारण विचारू नये. घरातले इतर कोणी ऐकत असताना प्रश्नोत्तरे करू नयेत. सासू-सासऱ्यांसमोर चुकलेले उत्तर तिच्यासाठी केवळ चुकलेले उत्तर राहत नाही. फोनवर नातेवाइकांना ‘चालू आहे, पण अजून बरेच कच्चे आहे’ असे तिच्या वतीने सांगणेही टाळा.

भाऊ-बहिणींना विचारायला बसणाऱ्या वाचकांनी इथे एक फरक लक्षात घ्यावा. पती-पत्नींमध्ये चूक दाखवली की दिवसभराची इतर कुरबुर तिला येऊन चिकटते. भावंडांमध्ये लहानपणापासूनची तुलना जागी होते. ताई पहिल्या प्रयत्नात यशस्वी झालेली असेल आणि धाकटा तिसऱ्यांदा बसत असेल, तर ताईने ‘मी हे असं लक्षात ठेवलं होतं’ हे वाक्य त्याने विचारल्याशिवाय उच्चारू नये. आणि धाकट्याने मोठ्या भावाला प्रश्न विचारायचे असतील तर लेखी पद्धत अधिक सोयीची: धाकट्याने प्रश्न वाचावेत, दादाने उत्तरे कागदावर लिहावीत आणि पुस्तक उघडून स्वतःच तपासावीत. धाकट्याच्या तोंडून ‘चूक’ हा शब्द निघण्याची वेळच येत नाही.

तुम्हालाही सुरुवात याच लेखी पद्धतीने करावी लागेल, कारण सध्या तिचा विश्वास दुखावलेला आहे. पण त्याआधी एक काम आहे. त्या आरक्षणाच्या प्रश्नावर तिच्याकडे जा आणि म्हणा, ‘तुझं उत्तर बरोबर होतं. माझी वही २०११ च्या आधीची आहे.’ त्यापुढे ‘पण’ जोडू नका, आणि लगेच पुढचा प्रश्नही विचारू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या, मग तिला हवे असेल तर हा वेगळा प्रकार करून पाहू असे सुचवा. तिने नको म्हटले तर ते मान्य करा. त्या वीस मिनिटांऐवजी मुलीला घेऊन तासभर बागेत जा आणि घर तिच्या ताब्यात द्या. अनेक घरांत हीच मदत प्रश्न विचारण्यापेक्षा मोठी ठरते, आणि ती दिली गेल्यावर काही दिवसांनी पुस्तक उघडून ‘जरा विचारता का?’ असे तीच म्हणण्याची शक्यता मला अधिक वाटते. तसे झाले तर पहिल्या दिवशी पाचच प्रश्न विचारा.

पद्धत चालते आहे की नाही, हे कसे ओळखावे? बरोबर उत्तरांची संख्या लगेच वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी दिसेल ते असे की ती ‘माहीत नाही’ हे मोकळेपणाने म्हणू लागेल, तुमच्या प्रश्नातली चूक ती काढू लागेल, आणि ‘पक्के’ या रकान्यातल्या चुका हळूहळू कमी होतील. याउलट ती प्रश्नाच्या आधीच ‘हे मला येणारच नाही’ म्हणत असेल, किंवा बैठकीच्या वेळी तिला नेहमी दुसरे काही काम निघत असेल, तर आठवडाभर प्रश्न थांबवून फक्त मुलीला सांभाळा.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे प्रश्न विचारू नका. नोंदीच्या कागदावर ज्या चुका दुरुस्त झाल्या, तेवढ्याच फिरून विचारा. आदल्या दिवशी तिने स्वतःहून विचारले तरच उत्तर द्या, आणि प्रवेशपत्र, ओळखपत्र व केंद्रापर्यंतचा रस्ता यांची जबाबदारी तुमच्याकडे घ्या. पेपर सुटल्यावर केंद्राबाहेर ‘किती आले?’ असे विचारू नका. काही दिवसांनी आयोगाची पहिली उत्तरतालिका येईल, तिच्यावर हरकती घेतल्या जातील, आणि त्यानंतर अंतिम तालिका लागेल. ती पहिली तालिका एकटीने तपासायची की तुमच्यासोबत बसून, हे तिला आजच विचारून ठेवा आणि ती जे सांगेल तसेच करा.